धर्माच्या उगमाचे एकोणिसाव्या शतकातले सिद्धांत: टायलर, लँग, फ्रेझर आणि ऑस्ट्रेलियातला आकाशातला बाप

अक्षरयात्री

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. आपल्याकडे अजूनही लेखांमधून, भाषणांमधून सर्रास सांगितलं जातं की आदिमानव आधी निसर्गाला घाबरला, मग भुताखेतांना मानू लागला, मग अनेक देव आले, मग एक देव, आणि शेवटी विज्ञान आलं. हे इतकं ओळखीचं झालंय की कुणालाच हे कुणी, कधी आणि कशावरून ठरवलं असं विचारावंसं वाटत नाही. गंमत नाही, खरंच सांगतो, ही मांडणी ज्या विषयाने जन्माला घातली त्या मानववंशशास्त्राने ती १९२०-३० पर्यंत जवळपास टाकून दिली होती. ती का टाकली ते मला इथे लिहायचंय, कारण नेहमी दिलं जाणारं उत्तर (ते लोक वंशवादी होते म्हणून) मला अपुरं वाटतं.

सुरुवात एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञापासून करतो. १८७१ मध्ये त्याचं 'प्रिमिटिव्ह कल्चर' दोन खंडांत आलं. त्यात धर्माची त्याने अगदी किमान व्याख्या केली, की अशरीरी सत्तांवरचा विश्वास म्हणजे धर्म, आणि त्याला नाव दिलं अ‍ॅनिमिझम. आता हा विश्वास आला कुठून? टायलर म्हणतो, आदिमानवापुढे दोन कोडी होती. जिवंत माणूस आणि प्रेत यात फरक कशाचा? आणि झोपेत अंग जागेवर पडलेलं असताना स्वप्नात आपण लांब फिरून येतो, मेलेला बाप येऊन बोलून जातो, ते कसं? दोन्हीचं उत्तर एकच निघालं, शरीरात राहणारं आणि शरीर सोडून जाऊ शकणारं काहीतरी, म्हणजे आत्मा. मग माणसाला आहे तर जनावराला का नाही, झाडाला, नदीला का नाही, असं करत आत्मे पसरले, त्यातले काही मोकळे भटकू लागले, काही मोठे होऊन देव झाले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एकच परमेश्वर. हर्बर्ट स्पेन्सरने थोड्याफार फरकाने हेच मांडलं, फक्त त्याने सगळा भर पूर्वजांच्या भुतांवर दिला.

तुम्ही वाचून बघा, टायलर पटतो. भाषा शांत, उदाहरणांचा डोंगर, आणि त्याचा आदिमानव मूर्ख नाही, तो विचार करणारा माणूस आहे, फक्त त्याच्याकडे माहिती कमी आहे. पण एक साधी गोष्ट बघा. स्वप्नावरून आत्मा सुचला याचा पुरावा काय? काहीच नाही. तसं झालंही असेल, नसेलही. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९६५ च्या आपल्या पुस्तकात याला 'मी घोडा असतो तर' पद्धत म्हटलंय. म्हणजे हरवलेला घोडा शोधायला निघालेला माणूस विचार करतो की मी घोडा असतो तर कुठे गेलो असतो. अभ्यासिकेत बसलेला व्हिक्टोरियन विद्वान स्वतःला आदिमानवाच्या जागी ठेवतो आणि मला काय सुचलं असतं ते सांगतो. जे सुचतं ते अर्थातच ऑक्सफर्डच्या माणसाला सुचणारं.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, एका दमात होणार नाही.

रानपाखरू

छान धागा. पण मला वाटतं तुम्ही साधी गोष्ट अवघड करताय. डार्विनचं पुस्तक १८५९ ला आलं, सगळ्यांना उत्क्रांतीचं वेड लागलं, टायलरने तेच उचलून धर्माला लावलं. आणि मागासलेल्या जमाती म्हणजे आपले जिवंत पूर्वज असं म्हणणं हे वसाहतवाद्यांना सोयीचं होतं. साम्राज्य गेलं, सिद्धांतही गेले. अजून काय कारण हवं?

अक्षरयात्री

@रानपाखरू, सोयीचं होतं यात वादच नाही. पण दोन ठिकाणी मला थांबावंसं वाटतं.

टायलरच्या पायऱ्या डार्विनकडून आलेल्या नाहीत. ऑगस्त कॉम्तने डार्विनच्या कितीतरी आधी फेटिश म्हणजे वस्तूंमध्ये शक्ती मानून त्यांची पूजा, मग अनेकदेववाद, मग एकदेववाद अशा पायऱ्या मांडल्या होत्या, आणि फेटिशची कल्पना तर द ब्रोसची, १७६० ची. डार्विनच्या सिद्धांतात ठरलेल्या पायऱ्या नसतातच, फांद्या असतात. टायलरवर खरा परिणाम झाला तो गुहांमधल्या शोधांचा. १८५८-५९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिक्सहॅमच्या गुहेत आणि फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर दगडी हत्यारं सापडल्याचं मान्य झालं आणि मानवाचा काळ एकदम प्रचंड मागे गेला. मग प्रश्न आला की त्या हत्यारवाल्या माणसांचा धर्म काय असेल? हाडं सापडतात, हत्यारं सापडतात, श्रद्धा सापडत नाही. म्हणून मग आज जे दगडी हत्यारं वापरतात त्यांचा धर्म तिथे बसवला. सगळी गडबड या एका उडीत आहे.

आणि दुसरं म्हणजे, टायलर ज्यांच्याशी भांडत होता ते कोण होते? आर्चबिशप व्हेटलीसारखे लोक, जे म्हणायचे की रानटी माणसं मुळात सुसंस्कृत होती आणि नंतर घसरली, आपोआप कुणी वर येऊच शकत नाही. त्याविरुद्ध टायलर म्हणतो की सगळ्या माणसांचं मन एकाच घडणीचं आहे, वंशाचा विचार बाजूला ठेवून संस्कृतीचा अभ्यास करता येतो. त्या काळात हे म्हणणं लहान नव्हतं. म्हणून 'वंशवादी होता, टाकून दिला' हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. त्याची शिडी मोडली ती दुसरीकडून, पुराव्याच्या बाजूने.

शांता_मावशी

मला एक कळेना. म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे का की धर्म भीतीतून आला नाही, म्हणजे देव खराच आहे? आमच्याकडे रोज पूजा होते पण नातू म्हणतो हे सगळं आदिमानवाचं अज्ञान आहे, त्याला काय सांगू?

अक्षरयात्री

मावशी, देव आहे की नाही हा प्रश्न या सगळ्याच्या बाहेरचा आहे. एखादी कल्पना कशी सुचली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. नातवाला एवढंच सांगा की 'आदिमानवाचं अज्ञान' ही १८७१ ची कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. त्या काळी बरेच विद्वान स्वतः श्रद्धा सोडलेले होते आणि धर्माचा उगम चुकीतून झाला हे दाखवलं की घरचा चर्चवालाही निरुत्तर होईल असं त्यांना वाटायचं. इव्हान्स-प्रिचर्डनेही हे दाखवलंय. तो स्वतः कॅथलिक झालेला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

निळी_शाई

पुराव्याच्या बाजूने मोडली असं म्हणताय तर मग ऑस्ट्रेलियाचं लिहा ना. तेच खरं प्रकरण आहे. मी थोडं सुरू करते, तुम्ही भर घाला.

त्या काळच्या हिशेबात ऑस्ट्रेलियाचे आदिवासी सगळ्यात खालच्या पायरीवर. का? शेती नाही, धातू नाही, भांडी नाहीत. धर्म किती 'प्राथमिक' हे अवजारांवरून ठरवलेलं होतं. म्हणजे तिथे जो धर्म मिळेल तो सगळ्यात जुना, आणि शिडीप्रमाणे तिथे एकच श्रेष्ठ देव असूच शकत नाही, तो तर शेवटी यायचा.

आणि नेमका तिथेच तो सापडला. आग्नेय ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड हॉविट नावाचा अधिकारी होता, त्याला स्थानिक लोकांनी विश्वासात घेतलं होतं आणि मुलांना पुरुष म्हणून दीक्षा देण्याच्या विधींना त्याला हजर राहता आलं. १८८० च्या दशकात त्याने लिहिलं की या विधींत मुलांना एका आकाशस्थ पुरुषाबद्दल सांगितलं जातं, तो सगळ्यांचा बाप, त्यानेच रीतिरिवाज घालून दिले, तो वागणुकीवर नजर ठेवतो. कुठे त्याचं नाव दारामुलुन, कुठे बायामे. बायका-मुलांसमोर आणि दीक्षा न झालेल्यांसमोर याबद्दल बोलायचं नाही. आता विचार करा, आधीचे प्रवासी वरवर विचारपूस करून 'यांना धर्म नाही' असं लिहून मोकळे झाले होते. त्यांना कोण सांगणार होतं?

अक्षरयात्री

अगदी हेच, @निळी_शाई. आणि 'यांना धर्म नाही' लिहिणाऱ्यांचं एक ठळक उदाहरण म्हणजे सॅम्युअल बेकर. नाईल नदीच्या उगमाकडे जाऊन आलेला प्रवासी, १८६६ ला लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीपुढे त्याने सांगितलं की वरच्या नाईलकाठच्या जमातींत परमेश्वराची कल्पना नाही, पूजा नाही, अंधश्रद्धेचा किरणसुद्धा नाही. त्यात डिंका आणि नुएर आले. टायलरला याचं श्रेय द्यायला हवं की १८७१ मध्येच त्याने बेकरला खोडलं, त्याच भागाबद्दल इतरांनी छापलेली माहिती पुढे ठेवून. म्हणजे साधनं तपासायची शिस्त त्याच्याकडे होती. पण बायामेच्या बाबतीत तीच शिस्त डगमगली. १८९२ मध्ये त्याने लेख लिहून म्हटलं की हा आकाशातला बाप मिशनऱ्यांकडून उचललेला आहे.

त्यावर अँड्र्यू लँग उभा राहिला. हा लँग आधी टायलरचा कट्टर समर्थक, मॅक्स म्युलरची 'सगळ्या पुराणकथा म्हणजे सूर्योदय-सूर्यास्त' ही मांडणी ज्याने टायलरच्या बाजूने लढून खिळखिळी केली तोच. १८९८ च्या पुस्तकात तो गुरूवर उलटला. त्याचं म्हणणं साधं होतं. मिशन सुरू व्हायच्या आधीच्या नोंदी आहेत, ही श्रद्धा गुप्त विधींत आहे, आणि ती म्हाताऱ्या माणसांकडे आहे, मिशनच्या शाळेतल्या पोरांकडे नाही. उसनी घेतलेली गोष्ट बरोबर उलटीकडे दिसायला हवी होती.

आणि अजून एक मुद्दा त्याने काढला जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हा आकाशातला बाप आत्मा नाहीच मुळी. तो मेलेला पूर्वज नाही, कारण गोष्टींनुसार तो मरण जगात यायच्या आधीपासून आहे. मग स्वप्न, भूत, आत्मा या साखळीतून तो निघालाच कसा?

जव्हारकर

मी या विषयातला नाही, पण आमच्या भागाशी संबंध वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडे जव्हार-डहाणू पट्ट्यात वाघोबा पुजतात. लाकडी किंवा दगडी पाटीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर लावलेला. वाघबारशीला नैवेद्य असतो. शाळेत गुरुजी म्हणायचे हा सगळ्यात जुना धर्म, हिंदू धर्माच्या आधीचा, याला जडप्राणवाद म्हणजे अ‍ॅनिमिझम म्हणतात. पण माझी आजी वाघोबा पण करायची आणि घरात गणपतीही बसायचा, आणि वर कुणीतरी सगळ्यांचा मालक आहे असंही म्हणायची. मग आम्ही कुठल्या पायरीवर?

अक्षरयात्री

@जव्हारकर, दादा, तुमच्या आजींचं वागणं हाच या सिद्धांतांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

बेकरने ज्यांना धर्मच नाही म्हटलं त्या नुएर लोकांमध्ये इव्हान्स-प्रिचर्ड १९३० च्या दशकात जाऊन राहिला, आणि १९५६ ला त्यांच्या धर्मावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात काय दिसतं? नुएरांचा क्वोथ म्हणजे आकाशातला ईश्वर, निर्माता, त्याची मूर्ती नाही. त्याच नुएरांकडे हवेतल्या सत्ता आहेत ज्या माणसाच्या अंगात येतात, कुळाशी नातं मानलेले टोटेम प्राणी आहेत, आणि फेटिश म्हणाव्या अशा वस्तूही. कॉम्तच्या आणि टायलरच्या सगळ्या पायऱ्या एकाच गावात, एकाच माणसाच्या तोंडी, प्रसंगाप्रमाणे. पाऊस-वीज, जन्म-मृत्यू असेल तेव्हा तो ईश्वराशी बोलतो, कुळाच्या भानगडीत कुळाच्या सत्तेशी. आता यातली कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे त्या समाजाकडे बघून सांगताच येत नाही. पायऱ्या काळाच्या होत्या असं धरून चाललो म्हणून त्या काळाच्या वाटल्या.

आणि तुमच्या गुरुजींचा शब्द कुठून आला तेही सांगतो. तो टायलरच्या पुस्तकातून जनगणनेत आला. १८९१ ला बेन्स आणि १९०१ ला रिस्ले या जनगणना आयुक्तांनी आदिवासींच्या धर्मासाठी अ‍ॅनिमिझमचा रकाना वापरला. पण गणना करणाऱ्याला गावात गेल्यावर कळेना की वारली, कातकरी, भिल्ल यांच्यातला अ‍ॅनिमिस्ट कोण आणि हिंदू कोण. १९२१ ला मुंबई इलाख्याचे जनगणना अधिकारी सेजविक यांनी तर हा रकानाच बंद करा असं अहवालात लिहिलं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात हे सगळे अहवाल समोर मांडलेत. घुर्यांचा निष्कर्ष (हे मागासलेले हिंदूच आहेत) मान्य करायलाच हवा असं नाही, त्यावर आदिवासी संघटनांचा आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. पण रकाना जमिनीवर चालत नव्हता हे त्या अहवालांतून स्वच्छ दिसतं.

जव्हारकर

आक्षेप आहेच. आम्हाला अ‍ॅनिमिस्ट म्हणणारे आणि मागासलेले हिंदू म्हणणारे दोघंही आम्हाला न विचारताच ठरवतात. तेवढं नोंदवून ठेवतो. माहितीबद्दल आभार.

रानपाखरू

ठीक आहे, पण मग लँग बरोबर होता ना? म्हणजे मूळ धर्म एकेश्वरवाद आणि बाकी सगळी नंतरची घसरण?

निळी_शाई

नाही, तिथेच दुसरा खड्डा आहे. व्हिल्हेल्म श्मिट या कॅथलिक पाद्री विद्वानाने लँगचं बोट धरून नेमकं हेच मांडलं, १९१२ पासून १२ खंड लिहिले, शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर १९५५ पर्यंत आले. माहिती जमवण्याचं काम अफाट. पण रीत तीच. सगळ्यात साधी अवजारं असलेले लोक शोधा, त्यांचा धर्म सगळ्यात जुना माना. टायलरला तळाशी आत्मा मिळाला, श्मिटला परमेश्वर. शिडी उलटी केली तरी शिडीच राहिली.

अरुंटा लोकांचं प्रकरण बघा म्हणजे पुरावा कसा निवडला जायचा ते कळेल. मध्य ऑस्ट्रेलियात बाल्डविन स्पेन्सर (हर्बर्ट स्पेन्सरशी संबंध नाही) आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तार ऑफिसचा प्रमुख गिलेन यांनी १८९६-९७ ला महिनोन्महिने विधी बघितले, १८९९ ला पुस्तक काढलं. त्यात श्रेष्ठ देव नाही, सगळी टोटेमची आणि टोटेमचे प्राणी-वनस्पती वाढवायची कर्मकांडं. केंब्रिजमध्ये बसलेल्या फ्रेझरला हेच हवं होतं. त्याची शिडी होती आधी जादू, मग धर्म, मग विज्ञान. त्याने लिहून टाकलं की ऑस्ट्रेलियात जादू सगळीकडे आहे आणि धर्म जवळजवळ नाहीच.

त्याच अरुंटांमध्ये हर्मान्सबर्गच्या मिशनवर कार्ल स्ट्रेलो १८९४ पासून राहत होता. त्याला भाषा इतकी येत होती की तो त्यातच प्रवचन द्यायचा. त्याने नोंदवलं की अल्टजिरा नावाचा इमूच्या पायांचा एक मोठा पुरुष आकाशात राहतो, चांगला आहे पण माणसांकडे फारसं लक्ष देत नाही. फ्रेझरने ही साक्ष बाजूला ठेवली, मिशनऱ्याची आणि मिशनवरच्या लोकांकडून आलेली म्हणून. पण दोघांच्याही साक्षीत भोक आहे. स्पेन्सरने विधी डोळ्यांनी बघितले पण भाषेसाठी तो गिलेनवर आणि मोडक्या इंग्रजीवर अवलंबून. स्ट्रेलोला भाषा पक्की, पण पाद्री असल्यामुळे तो विधींना जायचाच नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून दोघांना काय दिसू शकलं असतं आणि काय नाही हे विचारायला हवं होतं. ते न करता प्रत्येकाने आपल्या शिडीला टेकू देणारी नोंद उचलली.

दर्यावर्दी

वाचतोय, मस्त चाललंय. मला एक शंका. बोआसचं नाव कसं आलं नाही? अमेरिकेत तर हे सगळं त्यानेच मोडलं असं शिकलो होतो.

अक्षरयात्री

बरोबर आठवण केलीत. १८९६ चा त्याचा तुलनात्मक पद्धतीच्या मर्यादांवरचा लेख. छोटासाच आहे. टायलर-फ्रेझर गृहीत धरायचे की दोन ठिकाणी सारखी प्रथा दिसली म्हणजे तिचं कारणही सारखं, म्हणून पेरूची प्रथा, आफ्रिकेची प्रथा आणि इंग्लंडातल्या खेड्यातली प्रथा एका ओळीत मांडायची. बोआसने मुखवट्यांचं उदाहरण दिलं. मुखवटे जगभर आहेत. पण कुठे ते भुताने ओळखू नये म्हणून घालतात, कुठे घालणारा स्वतःच ती सत्ता होऊन इतरांना घाबरवतो, कुठे मेलेल्या आप्ताची आठवण म्हणून. बाहेरून एकच वस्तू, आतून तीन वेगळे इतिहास. आधी कारण एकच आहे हे दाखवा, मग तुलना करा, असं त्याचं म्हणणं. हे एकदा मान्य केलं की फ्रेझरच्या १२ खंडांतली बहुतेक उदाहरणं हातातून निसटतात, कारण ती मुळातून उपटून आणलेली आहेत.

त्यानंतर मॅलिनोव्स्की वगैरे अभ्यासक त्या त्या लोकांमध्ये जाऊन राहू लागले आणि प्रश्नच बदलला, कुठून आला याऐवजी इथे तो काय करतो. १९१२ ला द्युर्कहाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने अ‍ॅनिमिझमवर घणाघाती टीका केली खरी, पण त्याने पुन्हा अरुंटांचं टोटेम हाच सगळ्यात मूळचा धर्म धरला. म्हणजे तोही निम्मा त्या जुन्या घरातच राहिला.

दर्यावर्दी

पण मग आता हा विषय संपला म्हणायचं का? २०१६ ला एक पेपर आला होता, ३३ शिकारी-संकलक समाज घेऊन, भाषा आणि वंशावळीच्या झाडावर संगणकाने मागे जाऊन त्यांनी काढलं की सगळ्यात जुनं लक्षण अ‍ॅनिमिझमच. परलोक, शमन, पूर्वजपूजा नंतर. आणि सक्रिय श्रेष्ठ देव त्या मूळ पूर्वजाकडे नसावा असंही. म्हणजे टायलर जिंकला!

निळी_शाई

मला तो पेपर आवडतो, पण जिंकला म्हणायला मी तयार नाही. पद्धत नवीन आहे, तुलना आता वंशवृक्षाच्या आधाराने होते, ही खरी सुधारणा. पण आत घातलेली माहिती कुठली? अमक्या समाजात श्रेष्ठ देव 'आहे' की 'नाही' हे ज्या वर्णनांवरून ठरवतात त्यातली बरीच हॉविट, स्पेन्सर, मिशनरी यांच्याच पिढीची. अरुंटांपुढे काय खूण करायची, हो की नाही? स्पेन्सर वाचला तर नाही, स्ट्रेलो वाचला तर हो पण निष्क्रिय.

अक्षरयात्री

आणि यात अजून एक गुंता आहे, त्यावर मला तुमचं मत हवंय. टोनी स्वेन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९९३ च्या पुस्तकात मांडलंय की आग्नेय भागातला आकाशातला बाप हा खरोखरच गोऱ्यांशी संपर्क आल्यानंतरचा. मिशनऱ्यांचं पाठांतर म्हणून नाही, तर जमिनी हिसकावल्या गेल्यावर, जागेशी बांधलेली जुनी विश्वरचना कोलमडल्यावर, सगळ्यांना लागू पडेल अशी आकाशातली सत्ता त्या लोकांनी स्वतः घडवली म्हणून. तसं असेल तर टायलरचा १८९२ चा संशय अर्धा खरा निघतो, आणि 'हे लोक काळाबाहेर गोठलेले आहेत' हे त्याचंच गृहीत पूर्ण खोटं ठरतं.

निळी_शाई

स्वेनचं दुसरं म्हणणं मला पटतं, या लोकांना इतिहास होता आणि १८८० चा त्यांचा धर्म हा १८८० चा होता, दगडयुगाचा नाही. पहिल्याबद्दल मी साशंक आहे. संपर्काआधीचा पुरावा तोंडी, आणि संपर्कानंतर लिहिलेला. देवळासारखी वास्तू नाही, शिलालेख नाही. लँगने दाखवलेल्या जुन्या नोंदीसुद्धा वसाहत सुरू झाल्यावर ४०-५० वर्षांनी लिहिलेल्या आहेत, आणि बातम्या, वस्तू, रोगराई हे गोऱ्यांच्या वस्तीच्या बरंच पुढे पोचायचं. त्यामुळे लँगही सिद्ध होत नाही आणि स्वेनही. मला विचाराल तर दारामुलुनचे विधी आणि त्यांची जमिनीवर केलेली मातीची चित्रं यांचं भौगोलिक वाटप कोणी नीट नकाशावर मांडून वसाहतींच्या तारखांशी लावलं, तर थोडा उजेड पडेल. हॉविटच्या १९०४ च्या पुस्तकात ठिकाणांची नावं बऱ्यापैकी आहेत, सुरुवात तिथून करता येईल.